तक्ता की स्ट्रेन कम्पॅटिबिलिटी: प्रीस्ट्रेस्ड बीमचा Mu कशाने काढायचा

मकरपुऱ्याच्या एका यार्डात प्री-टेन्शन बीम टाकायचेत, आणि आमच्या ऑफिसातला नवा पोरगा विचारत होता की आयएस १३४३ चा तक्ता असताना स्ट्रेनची भानगड कशाला. म्हटलं बस, चहा सांग, बीम मोडेपर्यंत जास्तीत जास्त किती मोमेंट पेलतो, म्हणजे Mu, तो दोन्हीने काढून बघू.

सेक्शन ३०० रुंद, d ५०० मिमी, एम४०, १२.७ मिमीच्या ८ स्ट्रँड म्हणजे ७९० चौ.मिमी, ताकद १८६० N/mm², लॉसेस जाऊन उरलेला ताण १०००.

तक्त्यासाठी लागणारं गुणोत्तर Ap fp / (b d fck) ०.२४५ येतं, तिथे स्टीलचा ताण पूर्ण ०.८७ पट म्हणजे १६१८ मिळतो, न्यूट्रल ॲक्सिसची खोली xu सुमारे २६५, आणि Mu ४९७ केएनएम. पाच मिनिटांत काम खल्लास.

आता दुसरी पद्धत. वरच्या काठाला काँक्रिट ०.००३५ ला फुटतं असं धरायचं, मग स्टीलचा एकूण स्ट्रेन

`εp = εpe + εce + 0.0035 (d − xu)/xu`

यातले पहिले दोन, म्हणजे प्रीस्ट्रेसमुळे स्टीलमध्ये आणि त्याच पातळीच्या काँक्रिटमध्ये आधीच असलेले स्ट्रेन, मिळून आपल्याकडे ०.००५४. स्टीलचा कर्व्ह मी दोन सरळ रेघांचा घेतला, १२९४ पर्यंत इलास्टिक आणि पुढे ०.०१३३ स्ट्रेनला १६१८. xu २५५ धरला की स्ट्रेन ०.००८८, ताण १३९७, स्टीलचं बळ ११०४ आणि काँक्रिटचं 0.36 fck b xu ने ११०२ केएन, जुळलं. Mu ४३३. म्हणजे तक्ता १५ टक्के जास्त दाखवतोय, कारण स्टील १६१८ ला पोचायच्या आधीच काँक्रिट जातं. तक्त्याचाच xu या 0.36 च्या ब्लॉकमध्ये टाकून बघा, काँक्रिट ११४५ आणि स्टील १२७८, तोल कुठाय?

पण दर वेळी असं नसतं. ४ च स्ट्रँड ठेवल्या तर एक म्हणतो २८४ आणि दुसरा २८०, तिथे डोकं खपवायची गरजच नाही, स्टील १६१८ गाठतं. म्हणून मी गुणोत्तर ०.१५ च्या आत असेल तर आणि साधा आयत असेल तर तक्ता वापरतो, त्यापुढे किंवा स्ट्रँड दोन-तीन थरांत असतील तर स्ट्रेनच, कारण प्रत्येक थराचा ताण वेगळा येतो.

पोराने पहिल्यांदा केलं तेव्हा εpe आणि εce दोन्ही घालायचेच विसरला, Mu ३५२ आला. चूक कशी कळली? फुटताना स्टीलचा ताण १०६७ निघाला, आणि भाऊ, १००० तर आधीच ओढून ठेवलेत, मग फुटेपर्यंत फक्त ६७ वाढले? उलट लॉसेसची फार काळजी करू नका, १००० च्या जागी ८५० धरलं तरी Mu ४३३ वरून ४२७ च होतो, तो आकडा सर्व्हिसच्या क्रॅक चेकला जड जातो.

अनबाँडेड टेंडन असेल तर मात्र ही स्ट्रेनची पद्धत या रूपात चालत नाही, तिथे स्टील आणि शेजारचं काँक्रिट एकत्र ताणलं जात नाही, लांबी सगळ्या स्पॅनभर वाटली जाते, आणि कोडमध्ये त्याचे आकडे वेगळे दिलेत.