मण्यारदंश: ऑक्सिमीटर पाहावा की एका श्वासातली मोजणी?

गडचिरोलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात, रात्री जमिनीवर झोपलेला एखादा शेतमजूर पहाटे पापण्या उघडेनात म्हणून येतो, तेव्हा ऑक्सिमीटर 98 दाखवतो आणि तिथेच फसगत होते. फुप्फुसे निरोगी असल्याने श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले तरी रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकतो. त्यात बाहेरून ऑक्सिजन लावलेला असेल, तर आकडा घसरेपर्यंत कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत गेलेला असू शकतो.

याउलट, खोल श्वास घेऊन सेकंदाला 2 अंक या गतीने मोठ्याने मोजायला लावल्यास निरोगी माणूस एका दमात 50 च्या आसपास जातो. समजा, आपला रुग्ण 6 वाजता 30, 7 वाजता 21 आणि 8 वाजता 13 वर थांबला, शिवाय मान उचलेना, लाळ गिळवेना. माझ्या मते श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ हीच, कारण प्रतिविष दिले तरी आलेला लकवा लगेच उलटत नाही आणि धावत्या रुग्णवाहिकेत नळी घालणे फार अवघड असते.

जीभ जड झाली की मात्र ही मोजणीही फसवते. तेव्हा श्वास घेताना पोट आत ओढले जाते का, ते पाहावे.