फी टाळायला एक कार्ड बंद केलं, दुसरं डाउनग्रेड केलं: मे ते दिवाळीचा अनुभव

आमच्या घरी एकाच बँकेची, एकाच प्रकारची दोन क्रेडिट कार्डं होती, एक माझं, एक दादाचं. दोन्ही लाउंजच्या मोहात घेतलेली. नागपूरहून वर्षाकाठी एखाददुसरं विमान पकडणाऱ्याला त्या लाउंजमधला चहा-पोहे फारच महाग पडतो. मे महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक फी 2,999 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 3,538.82 रुपये लागून आले, तेव्हा दोघांनीही कार्ड सोडायचं ठरवलं. मी कार्ड बंद केलं, दादाने त्याच बँकेचं बिनफीचं कार्ड घेतलं. फी दोघांचीही परत मिळाली. पण खरी कटकट फीची नव्हतीच.

आधी दादाचं सांगतो. कस्टमर केअरने त्याला फोनवर सांगितलं, "फी रिव्हर्स होईल, सर." दादाने ते मनावर घेतलं आणि फी सोडून बाकीचं बिल भरलं. त्याने 6 मे रोजी सीताबर्डीहून 20,000 रुपयांचा फ्रिज घेतला होता. 25 मेचं स्टेटमेंट 23,538.82 रुपयांचं आलं, मुदत 14 जून. दादाने 12 जूनला बरोबर 20,000 भरले. जे वापरलं ते भरलं, यात काय चुकलं, असं त्याचं म्हणणं.

पुढच्या स्टेटमेंटमध्ये 912.33 रुपये व्याज आणि त्यावर 164.22 जीएसटी. फीचे पैसे रिव्हर्स झालेले दिसत होते, व्याज मात्र तसंच. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली नाही तर बिनव्याजी मुदतच हातची जाते, हे त्याचं कारण. मग व्याज फक्त उरलेल्या 3,538 वर लागत नाही, प्रत्येक खरेदीवर त्या खरेदीच्या तारखेपासून लागतं. महिना 3.75 टक्के म्हणजे वर्षाला 45 टक्के. 20,000 रुपयांवर 6 मे ते 12 जून या 37 दिवसांचं व्याज काढून पाहा, बरोबर तेवढंच येतं. बँकेचं गणित चुकलेलं नव्हतं, म्हणून भांडणही अवघड झालं. "फी तुम्हीच चुकीची मानून परत केली, मग तिच्यापायी लागलेलं व्याज कशाचं?" असं लेखी विचारल्यावर ते परत आलं. फोनवर मात्र तीन जणांनी तीन वेगळी उत्तरं दिली होती. त्यामुळे माझं मत पक्कं आहे: फीबद्दल वाद चालू असला तरी बिल पूर्ण भरा. फी परत आली तर ती कार्डात जमा दिसते, कुठे जात नाही.

मी फीसकट सगळं भरून मगच बंद करण्याची विनंती टाकली, ॲपमधूनच. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. पोस्टाने अर्ज पाठवा, असा आग्रहही धरता येत नाही. नियम छानच आहे. पण "थकबाकी नसेल तर" या तीन शब्दांत माझं कार्ड अडकलं.

विनंती टाकल्यावर चौथ्या दिवशी घरच्या इंटरनेटचे 706.82 रुपये त्याच कार्डावरून कापले गेले. 599 अधिक जीएसटी, नेहमीचंच बिल. कंपनीकडे नवं कार्ड मी आधीच नोंदवलं होतं, पण त्यांच्याकडे तो बदल पुढच्या बिलापासून लागू होणार होता. झालं, कार्डावर थकबाकी आली आणि बंद करण्याची विनंती आपोआप रद्द. साधा एसएमएस, "आपली विनंती पूर्ण करता आली नाही." कारण लिहिलेलं नाही. 500 रुपयांचा हक्कही गेला, कारण आता थकबाकी होती. पैसे भरून पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला. ऑटो-पे दोन ठिकाणी असतो, एक कंपनीकडे आणि एक बँकेकडे मँडेट, म्हणजे पैसे कापायची कायमची परवानगी म्हणून. ॲपमध्ये मँडेटची यादी असते, ती उघडून एकेक मँडेट रद्द केलं. ऑटो-डेबिटच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते, म्हणून जुने एसएमएस चाळले की कोण कधी कापतं ते लगेच कळतं. वर्षातून एकदाच कापणारे मात्र त्यात चटकन सापडत नाहीत. एक पूर्ण महिना त्या कार्डावर एकही व्यवहार आला नाही, अजून बिलात न आलेल्या म्हणजे अनबिल्ड रकमेतही शून्य, तेव्हाच विनंती टाकली. या वेळी मुदतीत बंद झालं, ईमेलही आला.

दादाच्या डाउनग्रेडमध्ये उलट प्रकार. खातं तेच राहिलं, क्रेडिट लिमिट तेच, नंतरच्या एका खरेदीचा हप्ताही चालू राहिला. कार्ड बंद केलं असतं तर हप्त्याची उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागली असती. पण कार्डाचा नंबर बदलला आणि जुन्या नंबरावरचे ऑटो-पे एकामागून एक फेल होऊ लागले. ओटीटीवाला लगेच मेलवर मेल पाठवतो, त्याची काळजी नाही. आईच्या आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता मात्र ऑगस्टमध्ये गुपचूप फेल झाला. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते आणि त्यात भरलं तर पॉलिसीचं सातत्य राहतं. पण त्या मधल्या दिवसांत काही झालं तर क्लेम मिळत नाही. वहिनीने नूतनीकरणाचं पत्र शोधलं म्हणून कळलं आणि मुदतीत भरलं. हजार रुपयांच्या व्याजापेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली.

एका बाबतीत दादाचं सोपं गेलं. पुण्याची रद्द केलेली रेल्वे तिकिटं आम्हा दोघांचीही होती. दादाचा रिफंड जुन्या नंबरावर गेला तरी त्याच खात्यात दिसला. माझा रिफंड बंद कार्डावर जाऊन बसला. तो बचत खात्यात वळता करायला बँकेने रद्द केलेला चेक मागितला आणि पुष्कळ मेलामेलीनंतर पैसे आले. तेवढ्यात काकांचा सल्ला, "अरे, संविधान चौकात रिझर्व्ह बँक आहे, जाऊन भेट ना!" तिथे जायची गरज नसते. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर लोकपालाकडे cms.rbi.org.in वर घरबसल्या तक्रार करता येते. मला तेवढी वेळ आली नाही.

सिबिल अहवालात माझं खातं बंद आणि बाकी शून्य दिसतंय, हे पाहूनच मी कार्डाचे तुकडे केले. वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कुणी मला विचारलं तर हप्ता चालू असेल किंवा रिफंड यायचा असेल तर डाउनग्रेड, नसेल तर सरळ बंद, असंच सांगेन. दोन्हींत मँडेटची यादी आधी रिकामी करायची. आणि एक राहिलंच: कार्डाचं बिल बचत खात्यातून आपोआप भरायचं माझं मँडेट कार्ड बंद झाल्यावरही बचत खात्याच्या यादीत ‘चालू’ दिसत होतं. ते कार्डवाल्या बँकेने काढलं नाही, दुसऱ्या बँकेच्या नेटबँकिंगमध्ये जाऊन मलाच काढावं लागलं.