लीड ऑडिटर कोर्सबरोबर ‘तयार ऑडिट लॉग’ विकत घेऊ नका

तुर्भे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याचे तीस हजार रुपये गेले आणि त्याहून वाईट म्हणजे ऑडिटर म्हणून नोंदणीचा त्याचा अर्ज खोट्या माहितीमुळे फेटाळला गेला. वाशीतल्या एका प्रशिक्षण संस्थेने त्याला अठरा हजारांत दोन दिवसांचा कोर्स दिला. वर बारा हजार घेऊन ‘अनुभवाचा लॉग’, म्हणजे केलेल्या ऑडिटची नोंदवही, भरून दिला. ठाणे, बेलापूर भागात अशी पॅकेजं अजून विकली जात आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहोत.

आधी कोर्सचं. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचा मान्यताप्राप्त लीड ऑडिटर कोर्स साधारण ४० तासांचा, म्हणजे पूर्ण पाच दिवसांचा असतो. त्यात मानकाची कलमं पाठ करण्यापेक्षा ऑडिटचा आराखडा, चेकलिस्ट, ओपनिंग मीटिंग, मुलाखती, नॉन-कन्फॉर्मिटी म्हणजे मानकाशी न जुळणारी बाब लिहिणं आणि क्लोजिंग मीटिंग यांचा सराव जास्त असतो. प्रशिक्षक रोज मूल्यमापन करतो आणि शेवटी लेखी परीक्षा असते. दोन्हींत पास व्हावं लागतं. नाही झालात तर फक्त हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं. दोन दिवसांत ‘शंभर टक्के पास’ म्हणणारी संस्था तिथेच उघडी पडते.

दुसरी फसवणूक लोगोची. ‘आम्ही अ‍ॅक्रेडिटेड आहोत’ म्हणत त्यांनी एका सर्टिफिकेशन बॉडीचं अ‍ॅक्रेडिटेशन दाखवलं. पण आयएसओ १७०२१ खालचं ते अ‍ॅक्रेडिटेशन कंपन्यांना प्रमाणित करण्यासाठी असतं, प्रशिक्षणासाठी नाही. कोर्सला मान्यता सीक्यूआय-आयआरसीए किंवा एक्झेम्प्लर ग्लोबलसारखी संस्था देते, आणि मान्य प्रशिक्षण संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर दिसते. यादीत नाव आहे का, हे पैसे भरण्याआधी स्वतः शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका.

खरं नुकसान झालं ते लॉगमुळे. कोर्स पास झाल्यावर माणूस लीड ऑडिटर होत नाही. त्यासाठी आधी कुणाच्या तरी हाताखाली ऑडिटर म्हणून आणि मग देखरेखीखाली टीम लीडर म्हणून ऑडिट करावी लागतात. ऑडिट कसं करावं हे सांगणाऱ्या आयएसओ १९०११ च्या २००२ सालच्या आवृत्तीत याचं माप दिलं होतं: आधी चार पूर्ण ऑडिट, एकूण किमान २० दिवस, मग टीम लीडर म्हणून तीन ऑडिट, किमान १५ दिवस. २०१८ च्या आवृत्तीत हे आकडे नाहीत, त्यामुळे ज्या योजनेत नोंदणी करायची तिची सध्याची अट वाचूनच लॉग ठेवायला घ्या.

आता त्या विकत घेतलेल्या लॉगमधली एकच ओळ बघा. रबाळ्यातलं मशिनिंगचं वर्कशॉप, कामगार चौदा, प्रमाणन ऑडिट, ‘सहा दिवस’. प्रमाणन संस्था ऑडिटचे दिवस आयएएफ या अ‍ॅक्रेडिटेशन संस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने काढलेल्या एमडी ५ या दस्तऐवजातल्या तक्त्यावरून ठरवतात. क्वालिटीसाठी ११ ते १५ माणसांना पहिल्या प्रमाणनाचे दोन टप्पे, स्टेज १ आणि स्टेज २, मिळून अडीच दिवस येतात. सहा दिवस यायला ६६ ते ८५ माणसं लागतात. तक्ता माहीत असलेल्या तपासनीसाला ही ओळ वाचताक्षणी खटकते. त्यातही लॉगमधली एक तारीख अनंत चतुर्दशीची होती आणि वर्कशॉप त्या दिवशी बंद होतं. संपर्कासाठी दिलेला मोबाइल संस्थेच्याच माणसाचा निघाला. पडताळणीत ऑडिट झालेल्या कंपनीला थेट विचारलं जाऊ शकतं, हे अशा संस्था गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

सोबत जोडलेल्या अहवालातली नॉन-कन्फॉर्मिटीही तशीच होती: ‘कॅलिब्रेशन व्यवस्थित नाही.’ खऱ्या ऑडिटरची नोंद अशी असते: कलम ७.१.५.२ नुसार मापन उपकरण ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेट व्हायला हवं. तपासणी टेबलावरच्या व्हर्नियर कॅलिपर क्र. ७ ची मुदत मार्चमध्ये संपली असून जूनमध्ये त्यानेच शाफ्टचा व्यास मोजल्याची नोंद आहे. मागणी, पुरावा आणि दोहोंतली तफावत हे तिन्ही त्यात आहे. ही नोंद जागेवर उभं राहिल्याशिवाय लिहिता येत नाही.

खरा लॉग भरायचा तर प्रत्येक ऑडिटच्या दिवशीच लिहा: तारखा, कंपनीचं नाव-पत्ता, माणसं किती, मानक आणि व्याप्ती, तुमची भूमिका, प्रत्यक्ष जागेवरचे दिवस वेगळे आणि तयारी-अहवालाचे वेगळे, टीम लीडरचं नाव व सही, कंपनीतल्या माणसाचा अधिकृत ईमेल. ऑडिट प्लॅन आणि अहवालाची प्रत जपून ठेवा, गोपनीय मजकूर झाकून. स्वतःच्या विभागाचं इंटर्नल ऑडिट त्यात घालू नका. आपलंच काम आपण तपासलेलं धरत नाहीत. संधी हवी असेल तर कंपनीच्या पुरवठादारांच्या ऑडिटला टीममध्ये घ्यायला सांगा. वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत असे पुरवठादार भरपूर आहेत, आणि त्या ऑडिटला टीम लीडरची सही खरी मिळते. फक्त तुमच्या योजनेत पुरवठादारांचं ऑडिट धरतात का, हे आधी बघा.

पैसे आधीच गेले असतील तर यूपीआयची नोंद, जाहिरात आणि ‘लॉग देऊ’ म्हणणारे मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे. आणि तो विकत घेतलेला लॉग कोणत्याही अर्जाला जोडू नका, नोकरीच्या अर्जालाही नाही.