गाव की गांव, हिशेब की हिशोब : जुना मोठा कोश आणि नियमांवर बेतलेला लेखनकोश

सांगलीत एखाद्या संस्थेची स्मरणिका निघायची असते, तेव्हा मजकूर बहुधा जुन्या मंडळींच्या आठवणींचा असतो आणि मुद्रितशोधकाच्या हाती दोन प्रकारचे ग्रंथ असतात. पहिल्या प्रकारात मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८ या काळातले सात विभाग) हे मोठे कोश येतात. दुसऱ्या प्रकारात मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आणि त्या नियमांवर बेतलेले लेखनकोश येतात. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' हा त्यांतला परिचित ग्रंथ होय. एकाच शब्दाची दोन-तीन रूपे समोर आली, तर कोणत्या ग्रंथाचा शब्द अखेरचा मानावा, हे ज्याला ठरवायचे आहे त्याच्यासाठी ही तुलना आहे.

मोठा कोश हा मुळात नोंदणीचा ग्रंथ आहे. भाषेत जी रूपे आढळली ती तो टिपतो आणि त्यांची आपसांतली प्रतिष्ठा मांडणीतून सुचवतो. अर्थ, उदाहरणे आणि व्युत्पत्ती ज्या रूपाखाली सविस्तर दिली असेल, ते कोशकाराच्या लेखी मुख्य रूप असते. ज्या रूपापुढे केवळ दुसऱ्या शब्दाकडे बोट दाखवून 'पहा' असे म्हटले असेल, ते दुय्यम समजावे. दोन रूपे एकाच नोंदीत शेजारीशेजारी दिली असतील, किंवा दाते-कर्वे यांच्या पद्धतीप्रमाणे शब्दाच्या पोटातच पर्यायी अक्षर कंसात घातले असेल, तर दोन्ही रूपे चालत होती आणि पहिल्याकडे थोडा अधिक कल होता, एवढेच त्यातून निघते. याखेरीज काव्य, ग्राम्य, अपभ्रंश किंवा गोमंतकी, वऱ्हाडी अशा खुणा असतात. या खुणांवर फार वेळा अन्याय होतो, कारण वाचणारा त्यांना 'चूक' असा शेरा समजतो. वास्तविक ते रूप कुठे आणि कोणाच्या तोंडी नांदते, याचा तो पत्ता असतो. 'काव्य' अशी खूण असलेला शब्द कवितेत अगदी आपल्या जागी असतो. इतिवृत्तात मात्र तो परका वाटतो.

या मांडणीला एक मर्यादा आहे आणि निर्णय बहुतेक वेळा तिथेच फसतो. हे दोन्ही कोश आजच्या नियमांपूर्वीचे आहेत. महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये राज्य शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्यामुळे जुन्या कोशात 'गांव' आणि 'नांव' ही अनुस्वारासह मुख्य रूपे आहेत. त्यांच्यापुढे कोणतीही खूण नाही, कारण त्या काळी ती निर्विवाद होती. खूण नाही म्हणून रूप आजही ग्राह्य आहे, असा अर्थ कोणी काढला तर तो सरळ चुकेल. तत्सम इकारान्त-उकारान्त शब्दांचेही तसेच आहे : कोशात कवि आणि गुरु, तर आजच्या लेखनात कवी आणि गुरू. याला जोडून एक व्यावहारिक अडचण येते. संगणकावर 'गाव' शोधून काही हाती लागले नाही, तर शब्द कोशात नाही असे मानण्यापूर्वी 'गांव' शोधून पाहावे.

लेखनकोशाची रीत याहून वेगळी आहे. तो पर्यायांची चर्चा करीत बसत नाही. लिहावयाचे रूप देतो आणि सामान्यरूपाकडेही लक्ष देतो. सांगलीच्या मजकुरात पावलोपावली येणाऱ्या शब्दांना हे फार उपयोगी पडते. 'गूळ' दीर्घ, पण 'गुळाचा' ह्रस्व. 'ऊस' दीर्घ, पण 'उसाला' ह्रस्व. हा बदल मोठ्या कोशातल्या शीर्षपदावरून कळत नाही. मात्र नियमांनी ज्याचा विचार केलेला नाही, अशा ठिकाणी लेखनकोश दिलेल्या रूपामागचे कारण सांगत नाही, आणि बोलीतल्या शब्दांसाठी तर त्याच्याकडे जाण्यात अर्थच नसतो.

दोन्हींचा कस एका उताऱ्यावर लावून पाहू. समजा, एका जुन्या अडत्याच्या मुलाने लिहिले आहे : 'वडिलांचे गांव हरीपुर. कोणचाही व्यापारी एकादा दिवस रहाण्यास आला, की सौद्याचा हिशोब रात्रीच पुरा होई. वडील म्हणत, औंदा गूळ चांगला हाय.'

'गांव' चे 'गाव' करण्यास नियम पुरेसा आहे. 'हरीपुर' मध्ये दोन गोष्टी गुंतल्या आहेत. सुटा शब्द 'हरी' असा दीर्घ लिहितात, पण समासाचे पूर्वपद म्हणून तो मुळाप्रमाणे ह्रस्व राहतो, आणि गावाच्या नावातले 'पूर' नेहमी दीर्घ असते, म्हणून 'हरिपूर'. गावांची नावे शब्दकोशात नोंद म्हणून सापडतीलच असे नसते, त्यामुळे इथे कोशाची वाट न पाहता नियमच लावावा. 'कोणचा' आणि 'एकादा' ही रूपे लिहू नयेत, 'कोणता' आणि 'एखादा' लिहावीत, असे नियमांनी शब्दांची नावे घेऊन सांगितले आहे. जुन्या ग्रंथांत ती कितीही वेळा आढळली, तरी तो पुरावा इथे लागू पडत नाही. 'रहाण्यास' चे 'राहण्यास' होईल, कारण राहणे, पाहणे, वाहणे हीच रूपे मान्य आहेत. मात्र आज्ञार्थात 'राहा' बरोबर 'रहा' लिहिण्यास त्याच नियमाने मुभा दिली आहे, म्हणून पुढे कुठे 'इथेच रहा' असे आले तर ते दुरुस्त करण्याचे कारण नाही. नियमांनीच दोन रूपे मान्य केलेली असताना त्यांतले एक खोडणे, हे मुद्रितशोधकाने आपला अधिकार ओलांडण्यासारखे आहे, असे मला ठामपणे वाटते.

'औंदा' आणि 'हाय' यांना हात लावू नये. तोंडच्या बोलण्यात उच्चाराप्रमाणे लिहिणे नियमांना मान्य आहे, आणि अवतरणातले 'औंदा' बदलून 'यंदा' केले तर माणूसच बदलतो. प्रश्न उरतो तो औंदा, अवंदा आणि आवंदा यांतले कोणते लिहावे हा. तिथे मोठा कोश उघडावा, आणि सांगणाऱ्याच्या उच्चाराला जवळचे जे रूप नोंदलेले असेल ते सबंध उताऱ्यात एकसारखे ठेवावे.

राहता राहिला 'हिशोब', आणि खरी निवड इथेच करावी लागते. नियमांच्या यादीत हा शब्द नाही. बोलण्यात आणि छापील मजकुरात हिशेब व हिशोब दोन्ही रुळलेले आहेत. मोल्सवर्थकडे 'हिशेब' हे शीर्षपद आहे. अनुस्वाराच्या किंवा ह्रस्व-दीर्घाच्या बाबतीत जुन्या कोशाचे वय आड येत होते. इथे ते येत नाही, कारण ए आणि ओ यांतली ही निवड १९६२ च्या कोणत्याच नियमाने बदललेली नाही. म्हणून अशा शब्दापुरती कोशाची मांडणी निर्णायक मानता येते. संपादकीय निवेदनात, जमाखर्चाच्या पानावर आणि शीर्षकांत 'हिशेब' ठेवावा; लेखकाने आपल्या आठवणींत सर्वत्र 'हिशोब' लिहिले असेल, तर ते बदलण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि तो आग्रही असेल तर त्याच्या लेखापुरते तसेच राहू द्यावे.