पाहुणे राहून गेले आणि वर पूर्ण पैसे परत मागितले

कास रस्त्यावर आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. गेल्या सप्टेंबरात पुण्याच्या एका गृहस्थांनी फुलं बघायला शनिवार-रविवार दोन रात्री खोल्या घेतल्या आणि पेमेंट लिंकवर क्रेडिट कार्डाने १२,००० रुपये भरले. शनिवारी आले, रात्री पिठलं-भाकरी जेवले. रविवारी धुक्यात पठार दिसेना, म्हणून दुपारीच निघाले. दुसऱ्या रात्रीचे पैसे परत मागितले, ते मी दिले नाहीत.

महिन्याभराने पेमेंट कंपनीचा मेल आला. 'बुकिंग रद्द केलं, परतावा मिळाला नाही,' अशी तक्रार त्यांनी आपल्या बँकेत केली होती. पूर्ण १२,००० अडकले आणि उत्तराला मुदत ७ दिवस!

संतापाने मी दोन पानी पत्र लिहिलं. बायको वाचून म्हणाली, "अहो, बँकेनं विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय?" खरंच होतं. प्रश्न एवढाच होता, की बुकिंग रद्द झालं होतं का. मग रजिस्टरचं पान काढलं. शनिवारी ४ वाजून १० मिनिटांची नोंद, खाली त्यांची सही, सोबत आधारची प्रत आणि त्यावर कार्डावरचंच नाव. जेवणाचं बिल जोडलं. सगळ्यात मोलाचा ठरला त्यांचाच रविवारचा व्हॉट्सअॅप मेसेज: "आम्ही निघतोय, आजच्या रात्रीचे पैसे परत करा." हे सगळं तारखेच्या क्रमाने एका पीडीएफमध्ये घातलं, वर अर्ध्या पानाचा खुलासा.

मधेच त्यांचा फोन आला, "६,००० यूपीआयने टाका, तक्रार मागे घेतो." मी टाकले नाहीत. यूपीआयने दिलेले पैसे कार्डाच्या त्या व्यवहाराला जोडले जात नाहीत. तक्रार तशीच चालू राहिली असती आणि १२,००० जाऊन वर हे ६,००० गेले असते.

दीड महिन्याने निकाल आला. पहिल्या रात्रीचे ६,००० मिळाले, दुसऱ्या रात्रीचे गेले. तिथे माझीच बाजू लंगडी होती. आमच्या नियमात "बुकिंग रद्द केल्यास परतावा नाही" एवढंच होतं, लवकर निघण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. शिवाय तो नियम पावतीवर होता. पैसे ८:१५ ला आले आणि पावती ८:५२ ला गेली. म्हणजे पैसे भरताना त्यांना नियम दाखवल्याचा पुरावाच माझ्याकडे नव्हता.

आता लिंकच्या आधी हा मेसेज जातो: "येण्याच्या ७ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा. त्यानंतर रद्द केल्यास, न आल्यास किंवा ठरल्यापेक्षा लवकर निघाल्यास परतावा नाही. पाऊस-धुकं असलं तरी हाच नियम. मान्य असल्यास 'मान्य' लिहा." उत्तर आल्यावरच मी लिंक पाठवतो, आणि तो संवाद त्याच दिवशी बुकिंगच्या फाइलमध्ये ठेवतो.