चलन बदलाच्या उदाहरणांची सरावपत्रिका: उत्तरे नियमाने सोडवलेली की एकमान पद्धतीने?

अशा सरावपत्रिका साधारण दोन प्रकारच्या मिळतात. पहिल्या प्रकारात उत्तराच्या वर नियम छापलेला असतो: परकीय चलनाचे रुपये करायचे तर दराने गुणा, रुपयांचे परकीय चलन करायचे तर भागा. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक उत्तर एकमान पद्धतीने, ओळीखाली ओळ मांडून सोडवलेले असते. नियमाची पत्रिका आटोपशीर असते, एका पानावर दुप्पट उदाहरणे बसतात आणि वेगाचा सराव चांगला होतो. दर एका डॉलरचा किंवा एका युरोचा दिलेला असेल तोवर तिच्यात खोट काढता येत नाही.

माझे मत फिरले ते येनच्या उदाहरणांमुळे. येनचा दर बहुधा १०० येनला इतके रुपये असा सांगतात. समजा, १०० येन = ६० रुपये आहेत आणि वस्तूची किंमत ४,५०० येन आहे. नियम पाठ असलेले मूल थेट ४,५०० × ६० करते आणि २,७०,००० रुपये लिहून मोकळे होते. गुणाकार बरोबर, नियमही पाळलेला. मग चुकले कुठे, हे त्याला उत्तरसूची पाहूनही कळत नाही. तिथे फक्त २,७०० छापलेले असते.

एकमान पद्धतीत मांडणी अशी होते:

१०० येन = ६० रुपये
१ येन = ६० ÷ १०० = ०.६० रुपये
४,५०० येन = ४,५०० × ०.६० = २,७०० रुपये

इथे मधली ओळ लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि चूक नेमकी त्याच ओळीत व्हायची असते. शिवाय एक येन रुपयापेक्षा लहान आहे हे तिथेच दिसते, त्यामुळे रुपयांचा आकडा येनच्या आकड्यापेक्षा लहानच यायला हवा हा अंदाज मूल स्वतः बांधू शकते.

या पद्धतीलाही एक अडचण आहे. उलटे उदाहरण घ्या: १,५०० रुपयांत किती येन मिळतील? १ रुपया = १०० ÷ ६० = १.६६६… येन. इथेच १.६७ केले तर उत्तर २,५०५ येते. खरे उत्तर २,५०० आहे. म्हणून मधल्या ओळीत अपूर्णांक तसाच ठेवून शेवटी १,५०० × १०० ÷ ६० करणारी पत्रिका घ्यावी. घेण्याआधी असे एखादे उलटे उदाहरण उघडून पाहिले तर ती काळजीपूर्वक केली आहे का, ते लगेच कळते.

खरेदी दर आणि विक्री दर यांची उदाहरणे दोन्ही प्रकारांत सारखीच फसवी असतात. मुलाने डॉलर विकत घेतले तर विनिमय केंद्राचा विक्री दर लागतो, उरलेले परत केले तर खरेदी दर. पहिल्या ओळीत "१ डॉलर = ८४ रुपये (केंद्राचा विक्री दर)" असे लिहायची जागा एकमान पद्धतीत आपोआप मिळते. मुलाला एकेरी दराची गणिते आधीच येत असतील आणि फक्त हात बसवायचा असेल, तर नियमाची पत्रिकाही चालेल. नव्याने शिकणाऱ्यासाठी मात्र मी एकमान पद्धतीचीच घेईन.