अख्खं काम एकाच्या नावावर: सहा-सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी कोणासाठी लिहितोय ते सांगतो. घरात तुम्ही कामं करता, मुलांचंही करता, पण प्रत्येक कामावर जोडीदाराची दुरुस्ती ठरलेली असते. टॉवेलची घडी चुकीची, बादलीत पाणी जास्त, मुलीला घातलेला स्वेटर त्या फ्रॉकवर चालत नाही. पाठोपाठ "दे इकडे, मीच करते." बाहेर चार माणसं तुमच्या शब्दावर कामाला लागतात, आणि घरात पाऊल टाकलं की तुम्ही कायमचे उमेदवार. माझं दोन-तीन वर्षं असंच चाललं होतं. आमची मुलगी आता चार वर्षांची आहे.

"दे इकडे" एकदा ऐकलं तर काही बिघडत नाही. रोज ऐकलं की हात अर्ध्यात थांबायला लागतात. मग माणूस आधीच विचारून घेतो: हे कुठे ठेवू, तिला कोणते कपडे घालू, पाणी एवढंच ना? आणि मग या विचारण्याचाच वैताग सुरू होतो. "प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का? तुला दिसत नाही?" मनाने केलं तर चुकतं, विचारून केलं तर डोक्याला ताप. बरेच नवरे या टप्प्यावर हळूच काम सोडून देतात, आणि बायकोला वाटतं, बघा, मी म्हणतच होते. (उलट जोड्याही पाहिल्या आहेत. नवरा खुर्चीत बसून सूचना देतोय आणि ओट्याशी उभी बायको रडकुंडीला आलीये.)

यावर आम्ही वापरून पाहिलेली पद्धत थोडक्यात अशी: एखादं काम द्यायचं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच्याच नावावर द्यायचं. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2019 मध्ये 35 जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक शोधनिबंध लिहिला. त्यात घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे मांडले आहेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांना असं दिसलं की निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक घरांत बाईकडेच असतो. आमच्याकडे तंतोतंत तेच होतं. मी फक्त हात चालवत होतो, लक्ष ठेवणारी बायको होती. आणि लक्ष ठेवायचं काम ज्याच्याकडे आहे त्याने चुका काढायच्या नाहीत तर काय करायचं? तिला "जरा कमी बोल" असं सांगून काहीही होत नव्हतं, ते यामुळे.

सुरुवात रात्रीच्या आंघोळीपासून झोपेपर्यंतच्या कामाने केली. एका कागदावर दोन गोष्टी दोघांनी मिळून लिहिल्या. पहिली, काम झालं असं कधी म्हणायचं: साडेनऊला दिवे बंद, दात घासलेले, दुसऱ्या दिवशीचं दप्तर भरलेलं. दुसरी, काय मोडायचं नाही: आंघोळीचं पाणी 37-38 अंशांच्या आसपास, बाथरूममध्ये तिला एकटं सोडायचं नाही, टूथपेस्ट वाटाण्याएवढी आणि शेवटचा हात मोठ्या माणसाने फिरवायचा. कागदावर नाही ते सगळं करणाऱ्याच्या मर्जीचं. आधी गोष्ट की आधी दात, कोणता नाइटड्रेस, गाणं म्हणायचं की नाही, हे माझं.

खरा वेळ गेला तो कागदावर काय जायचं हे ठरवण्यात. बायकोची यादी लांबलचक होती. आम्ही एकच कसोटी लावली: हे नाही केलं तर नुकसान कोणाचं आणि काय, ते एका वाक्यात सांगायचं. "आधी हात धुवायचे, मग पाय" हे लगेच गळलं. "नाइटड्रेसचा वरचा आणि खालचा भाग एकाच जोडीतला हवा" हेही गळलं, जरा नाराजीने. पण "ओल्या केसांनी झोपवायचं नाही" याला मी हसलो तर ती म्हणाली, "सकाळी तो गुंता मी सोडवते, शाळेची गाडी खाली उभी असताना." सकाळची तयारी तिच्या नावावर, म्हणजे माझ्या ढिलाईची किंमत ती मोजणार. ती अट कागदावर गेली. मला वाटतं या पद्धतीतलं सगळ्यात उपयोगी हेच आहे. आवड कोणती आणि गरज कोणती ते वेगळं होतं, आणि प्रत्येक टोकणं म्हणजे नुसता हट्ट नसतो हे टोकून घेणाऱ्यालाही कळतं.

पहिले काही आठवडे वाईट गेले. ती बोलत नव्हती, पण बाथरूमच्या दारात उभी राहायची. सुस्कारा हाही शेराच असतो. मुलीला बरोबर कळायचं. मी मगभर पाणी ओतलं की ती दाराकडे बघायची, आणि एकदा सरळ म्हणाली, "बाबाला नाही येत, आई, तू ये." ते लागलं. उपाय साधा निघाला: त्या वेळात बायको घरात थांबायचीच नाही. ती फिरायला जायला लागली. दारात कोणी नाही म्हटल्यावर पोरगीही आठवड्याभरात वळली. तुम्हाला करून बघायचं असेल तर हा भाग टाळू नका. बघणारा माणूस समोर असताना जबाबदारी खऱ्या अर्थाने हातात येत नाही.

दुसरी अडचण चोरून केलेल्या दुरुस्तीची. मी भरलेलं दप्तर ती सकाळी पुन्हा लावायची, काही न बोलता. यात भांडण होत नाही म्हणून बरं वाटतं, पण काम पुन्हा तिच्याकडे सरकतं आणि मला ते कळतही नाही. म्हणून नियम केला: दुसऱ्याचं काम परत करायचं नाही, खटकलं तर रविवारच्या वीस मिनिटांत सांगायचं. अपवाद फक्त इजा होण्यासारखं काही असेल तर. तेव्हा लगेच आणि मोठ्याने.

या नियमाची परीक्षा लवकरच झाली. मुलगी चित्रकलेच्या वहीशिवाय शाळेत गेली. रविवारी विषय निघाला. पूर्वी असतं तर "तुझ्या कधी काही लक्षातच राहत नाही" इथून सुरुवात झाली असती. या वेळी ती म्हणाली, "बुधवारी दप्तरात वही नव्हती." जोडप्यांवर वर्षानुवर्षं संशोधन केलेले जॉन गॉटमन तक्रार आणि टीका यांत हाच फरक करतात: तक्रार एका घटनेची असते, टीका माणसाच्या स्वभावावर जाते. घटनेवर बोलल्यामुळे कारण शोधता आलं. शाळेचा निरोप फक्त तिच्या फोनवर येत होता! काम माझ्या नावावर, पण माहिती तिच्याकडे. माझा नंबर त्या ग्रुपवर घातला आणि प्रश्न संपला. कुठलंही काम घेताना त्याचे निरोप, तारखा, डॉक्टरांचे कागद कुठे येतात ते आधी बघा. माहिती जिकडे येते, लक्ष ठेवण्याचं ओझंही तिकडेच जातं.

कपड्यांच्या बाबतीत मात्र ही पद्धत आमच्याकडे चालली नाही. धुणं, वाळवणं, घड्या, कपाट हे माझ्याकडे महिनाभर होतं. काय मोडायचं नाही याची यादी एका पानात मावेना, आणि तिला ते बघवत नव्हतं. ते अख्खं काम परत तिच्या नावावर गेलं. आता मी त्यात "मदत" करत नाही, आणि तीही ती मागत नाही. बदल्यात लसीकरण, दाताचे डॉक्टर, औषधं हे सगळं माझ्याकडे आलं. एखाद्या कामात एखाद्याचा जीव इतका गुंतलेला असेल तर ते त्यालाच पूर्ण द्यावं, असं माझं मत झालंय.

बायकोच्या बाजूने हे किती जड गेलं तेही सांगायला हवं. ॲलन आणि हॉकिन्स या अभ्यासकांनी 1999 मध्ये मुलांचं काम बाबाच्या हाती सोडताना आई करते त्या राखणदारीबद्दल लिहिलं, तेव्हा कडक मानकांइतकाच भर आणखी एका गोष्टीवर दिला होता: चांगली आई असण्याची पावती तिला बाहेरच्यांकडून हवी असते. तिने मला एकदा तेच तिच्या शब्दांत ऐकवलं. "पोरगी विस्कटलेली दिसली तर लोक तुला काही म्हणणार नाहीत. आई काय करते, असंच विचारतील." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत पोचवायला मी जायला लागल्यापासून मात्र बाईंचे शेरे थेट मला मिळतात, आणि तिचा तो ताण थोडा उतरलाय.

माझ्यात काय बदललं? हात अडखळत नाहीत. नखं वाढलीत, बूट लहान होतायत, हे आता मला कोणी न सांगता दिसतं. पूर्वी दिसत नव्हतं, कारण दिसून उपयोग नव्हता, निर्णय माझा नव्हताच.

कोणी वापरू नये? जोडीदार मुलांसमोर किंवा नातेवाइकांसमोर तुमचा पाणउतारा करत असेल, पैसे आणि फोनही तपासत असेल, कुठे गेलात याचा हिशोब मागत असेल, आणि तो घरी यायची वेळ झाली की पोटात गोळा येत असेल, तर हा घरकामाच्या वाटणीचा प्रश्नच नाही. तिथे कागद घेऊन बसू नका. आधी एकट्याने समुपदेशकाशी किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला. आणि मुद्दाम वाईट काम करून ते अंगावरून झटकणाऱ्यांना ही पद्धत आवडणार नाही, कारण काम झालं की नाही ते कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो रविवारच्या वीस मिनिटांसाठी, ती कंटाळवाणी आहेत आणि चुकवली की दोन आठवड्यांत जुनं टोकणं परत सुरू होतं. भांडी रॅकवर कशी रचायची यावर आमचं अजूनही एकमत नाही. ते काम कोणाच्या नावावर करायचं हेच ठरलेलं नाही, त्यामुळे तिथे रोज "दे इकडे" चालू आहे.